स्मायलीचा चार्ट की स्टारचा? ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी

दोन्ही चार्ट दिसायला सारखेच असतात. वर आठवड्याचे सात वार, डावीकडे सवयींची नावं आणि मधे रिकामे चौकोन. काम मात्र दोघांचं वेगळं आहे. चेहरा सांगतो की गोष्ट कशी झाली. स्टार सांगतो की ती झाली, आणि आतापर्यंत किती वेळा झाली. त्यामुळे मुलाला कोणता चार्ट आवडेल हे पाहण्याआधी, कोणती सवय लावायची आहे ते ठरवा.

स्मायलीचा चार्ट

दुकानात मिळणाऱ्या छापील चार्टवर बहुतेक वेळा तीन चेहरे असतात: हसरा, सरळ ओठांचा आणि रडका. यातला रडका चेहरा पहिल्याच दिवशी बाद करावा. मोठ्यांच्या दृष्टीने ती फक्त एक नोंद असते, पण तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यात आई-बाबांचा नाराज चेहरा दिसतो, आणि तो फ्रिजवर आठवडाभर तसाच राहतो. पाहुणे आले की त्यांनाही दिसतो. मूल चार्टकडे जायचं टाळू लागलं, त्यावर पेनाने गिरगटू लागलं किंवा ‘मला नाही खेळायचं’ म्हणू लागलं, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. सरळ ओठांच्या चेहऱ्याचाही फारसा उपयोग नाही. लहान मुलांना चेहऱ्यांच्या पट्टीतून निवडायला सांगितलं तर ती टोकाचाच चेहरा निवडतात, ‘ठीकठाक’ ही मधली पायरी त्यांना अजून कळत नाही. म्हणून चौकोनात एक तर हसरा चेहरा असावा, नाही तर काहीच नसावं.

तीन वर्षांच्या ज्या मुलाला अजून मोजता येत नाही, त्याच्यासाठी स्मायली सोपी पडते. पुढे काहीतरी मिळणार असं आश्वासन द्यावं लागत नाही, हसरा चेहरा हेच बक्षीस. चौकोनांत आधीच गोल आणि दोन डोळे काढून ठेवा. काम झालं की मुलाने स्केचपेनने तोंड काढायचं. ओठ कधी गालाबाहेर जातील, कधी कपाळावर येतील, ते तसंच राहू द्या. खेळण्यांचा पसारा आवरून लगेच तोंड काढलं की काम आणि खूण यांचा संबंध तीन वर्षांच्या मुलालाही लागतो.

‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं उत्तर ज्याला नसतं, तिथेही चेहरा बरा. धाकट्या भावंडाशी खेळणं हे असंच एक काम. पाच-सहा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी विचारा, ‘आज बाळाशी खेळताना कसं वाटलं?’ आणि चेहरा त्यालाच काढू द्या. इथे त्याने रडका चेहरा काढला तरी चालेल, कारण तो त्याचा स्वतःचा आहे, आपण दिलेला शेरा नाही. मात्र त्याने काढलेला चेहरा आपण खोडून दुरुस्त करायचा नाही.

स्टारचा चार्ट

स्टार साठतात, ही त्यांची ताकद. साधारण चार वर्षांचं मूल तीन-चारपर्यंत खरोखर मोजू शकतं, आणि ‘अजून एक हवा’ हे त्याला समजतं. पण त्यासाठी काम इतकं नेमकं हवं की ते झालं की नाही यावर वादच होऊ नये. ‘शहाण्यासारखं वागणे’ हे असं काम नव्हे. ‘रात्री झोपण्याआधी दात घासणे’ हे आहे.

हेच उदाहरण घेऊ. चार्ट लावण्याआधी एक आठवडा नुसती नोंद ठेवा. समजा सात रात्रींपैकी तीन रात्री मुलाने कुरकुर न करता दात घासले. मग पहिल्या आठवड्याचं लक्ष्यही तीनच स्टारचं, आणि ते सलग हवेत असं नाही. इथेच सहाचं लक्ष्य ठेवलं तर मंगळवारपर्यंत दोन रात्री हुकतात आणि उरलेल्या आठवड्यात प्रयत्न करण्याचं कारणच संपतं. तीन स्टार झाले की त्याच रात्री बक्षीस: गोष्टीचं पुस्तक तो निवडेल, किंवा एकाऐवजी दोन गोष्टी. दुसऱ्या आठवड्यात चार, तिसऱ्यात पाच. चौथ्या आठवड्यापासून बक्षीस बंद करून फक्त स्टार, मग तेही अधूनमधून, आणि शेवटी चार्ट खाली.

चार्ट हॉलमध्ये नको, बेसिनजवळ मुलाच्या नजरेच्या उंचीवर हवा. चूळ भरून झाली की तिथल्या तिथे त्यानेच स्टार चिकटवायचा. स्टारचे स्टिकर संपले तर टिकल्याही चालतात, फक्त घरात वस्तू तोंडात घालणारं बाळ असेल तर पेनानेच काढा. स्टार लावताना ‘शहाणं माझं बाळ’ एवढ्यावर थांबू नका. ‘आज ब्रश स्वतः घेतलास, मागच्या दाढाही घासल्यास’ असं म्हटलं की उद्या काय करायचं ते त्याला कळतं.

हा चार्ट बिघडतो तो मुख्यतः एका चुकीने: मिळालेला स्टार काढून घेणं. दुपारी ताईला मारलं म्हणून रात्रीचा स्टार सोलून काढला, तर दात घासल्याची नोंदच पुसली गेली. कमावलेली गोष्ट केव्हाही जाऊ शकते हे मुलाच्या लक्षात आलं की त्या स्टारला किंमत उरत नाही. मारण्याचं काय करायचं ते तिथेच, त्या वेळी करा.

दुसरी खूण म्हणजे सौदा. ‘पाणी आण’ म्हटल्यावर ‘किती स्टार देशील?’ असा प्रश्न आला तर चार्टवर सवयी जास्त झाल्या आहेत किंवा बक्षीस फार मोठं आहे. एका वेळी एकच सवय, फार तर दोन. खेळणी आणि चॉकलेट बक्षिसातून काढा. आणि तिसऱ्या आठवड्यात चार्ट थंडावला तर आधी रिकामे चौकोन पाहा. मुलाने दात घासले होते, पण स्टार द्यायला मोठेच विसरले, असे चौकोन बरेच सापडतात. आजी-आजोबा घरी असतील तर स्टार कशाला मिळतो आणि कशाला नाही, हे त्यांनाही आधीच सांगून ठेवा.

दोन्हींपैकी काहीच लावू नये अशा गोष्टी

मूल जे आपल्या आवडीने करतं, ते चार्टवर घेऊ नका. १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रांना इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता अचानक दिलं होतं, त्यांची आवड घटली नव्हती. म्हणून चित्रं, पुस्तकं, मातीत खेळणं यांना स्टार नको.

मुलाच्या हातात नसलेल्या गोष्टीही नकोत. रात्री अंथरूण ओलं होणं ही त्यातली मुख्य. ‘कोरडी रात्र’ या ओळीसमोर रोज रिकामा चौकोन दिसला तर मुलाला लाज वाटते आणि उपाय काहीच होत नाही, कारण झोपेत त्याचा ताबा नसतो. तिथे स्टार द्यायचाच तर ‘झोपण्याआधी शू करून येणे’ याला द्या.

अडीच वर्षांखालच्या मुलाला तर चार्टच लावू नका. सकाळच्या कामाचा रात्रीच्या खुणेशी संबंध त्याला लागत नाही, तिथल्या तिथे वाजवलेली टाळी पुरते. मोठ्या मुलाच्या बाबतीत दोन आठवड्यांत नोंद वाढली नाही, तर स्टार काढून स्मायली आणण्याआधी काम लहान करून पाहा: दात घासण्याऐवजी आधी फक्त ‘ब्रश हातात घेऊन बेसिनपाशी येणे’.