अ‍ॅपवर ९२, प्रत्यक्षात ५७

आम्ही भांडुपला राहतो. आईला रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून कुर्ल्याच्या एका गाळ्यातून ई-गाडीतून काढलेल्या सेलची बॅटरी घेतली. १६ लिथियम फॉस्फेट सेल, ५१.२ व्होल्ट, १०० अँपियर-तास, ४२ हजार रुपये.

विक्रेत्याने रीतसर तपासून दाखवली, हेच तर दुखणं आहे. मल्टिमीटर लावला, ५३.१ व्होल्ट. "बघा साहेब, एकदम फुल." मग दोन किलोवॅटचा हीटर दहा मिनिटं चालवला, व्होल्टेज जेमतेम ढळलं. शेवटी मोबाइलवर बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं, अ‍ॅप उघडलं: SOH 92%, म्हणजे मूळ क्षमतेच्या ९२ टक्के शिल्लक; सायकल ११०, म्हणजे तेवढ्याच वेळा भरून वापरलेली. गाडी अपघातातली होती म्हणे, म्हणून बॅटरी ताजी. गाडीवरच्या बॅटऱ्या बहुधा ७०-८० टक्क्यांवर आल्या की काढतात, त्यामुळे ९२ ऐकून मला शंका यायला हवी होती. अपघाताची गोष्ट ऐकून ती आलीच नाही.

जूनमधल्या एका रात्री वीज गेली. कॉन्सन्ट्रेटर, पंखा, एक ट्यूब मिळून साडेचारशे वॅट. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून हिशेबाने साडेनऊ तास चालायला हवं होतं. साडेपाच तासांत सगळं बंद. अ‍ॅप मात्र म्हणत होतं, ४३ टक्के शिल्लक. घरात ऑक्सिजनचा सिलिंडर होता म्हणून निभावलं.

शेजारच्या काकूंचा भाचा ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. त्याने आधी माझा गैरसमज काढला. फॉस्फेट सेलचं व्होल्टेज मधल्या बहुतेक पट्ट्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास सपाट राहतं. सेल निम्मा भरलेला असो वा पाऊण, मीटर जवळपास तेच दाखवतो. आणि म्हातारा सेल काय, तरुण काय, भरल्यावर व्होल्टेज सारखंच देतो. फरक पडतो तो किती वेळ देतो यात. दहा मिनिटांच्या हीटरने तो कसा कळणार? अ‍ॅपचा आकडाही मोजलेला नव्हता. आमच्या बीएमएसमध्ये क्षमता कोणीही टाइप करू शकतो आणि सायकल शून्यावर आणू शकतो. सेटिंगमध्ये १०० भरले होते, त्यातून वापरलेले ५७ वजा जाऊन ४३ उरले, एवढंच ते गणित.

खरं मोजमाप एकच: पूर्ण भरायची आणि पूर्ण रिकामी करून बाहेर आलेले अँपियर-तास मोजायचे. लॅमिंग्टन रोडवरून बॅटरीतून गेलेले अँपियर-तास मोजणारा, शंट असलेला डीसी मीटर आणला, बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये लावला. भार स्थिर हवा. इस्त्री चालत नाही, ती मधूनमधून बंद होते. मंडपवाल्याकडून ५०० वॅटचे दोन हॅलोजन मागून आणले. बॅटरीतून साधारण २१-२२ अँपियर जात होते. ९२ चा दावा खरा असता तर सव्वाचार तास चालली असती. दोन तास चाळीस मिनिटांत बीएमएसने तोडली, मीटरवर ५७ अँपियर-तास.

शेवटची दहा मिनिटं अ‍ॅपमधल्या एकेका सेलचं व्होल्टेज बघत बसलो. पंधरा सेल ३.२ च्या आसपास, अकरावा घसरत २.५ वर. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सर्वांत अशक्त सेल संपला की सगळी बॅटरी संपली. भाच्याने लगेच निकाल दिला नाही, परत चार्ज करून बघितलं. चार्ज होतानाही अकरावाच सगळ्यांआधी ३.६५ ला पोचला. रिकामा आधी होतो पण भरतो शेवटी, असं असतं तर नुसतं असंतुलन असतं, बॅलन्सिंगने सुधारलं असतं. आधी भरतो आणि आधीच संपतो, म्हणजे त्याची क्षमताच गेलेली. पेटी उघडली (हे घरी करू नका, शॉर्ट झालं तर पाना वितळतो), तर तो सेल किंचित फुगलेला आणि क्यूआर कोड खरवडलेला. बाकीचे एका लॉटचे, हा कुठला तरी पाहुणा.

विक्रेत्याकडे गेलो तर त्याने बिल पुढे केलं: "जुना माल, जसा आहे तसा." ९२ टक्के कुठेच लिहिलेले नव्हते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे रिफर्बिशरला, म्हणजे जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी लागते. ती मी आता विचारली. आधी विचारायला हवी होती. "ते काम चालू आहे," म्हणाला.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा तिथेच पूर्ण भरून पूर्ण उतरवून दाखवा म्हणा, मीटर तुमचा न्या, आणि आलेला अँपियर-तासांचा आकडा बिलावर लिहून घ्या. अर्धा दिवस जातो. "एवढा वेळ कोणाला आहे?" म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

अकरावा सेल बदलल्यावर आमची ७१ वर आली. त्यावर आता पंखे आणि दिवे चालतात. आईचं यंत्र मी या बॅटरीच्या भरवशावर लावत नाही.