जांभळा टोनर की निळा? आधी केस पिवळे आहेत की नारिंगी ते बघा

ब्लीच धुऊन झालं, टॉवेल काढला आणि आरशात पिवळट केस दिसले की बहुतेक जण दुकानातून जांभळा टोनर घेऊन येतात. पिवळ्यावर जांभळा, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्याकडचे केस मुळात काळे किंवा गडद तपकिरी. ब्लीचमध्ये ते लाल, लालसर नारिंगी, नारिंगी, पिवळसर नारिंगी आणि मग पिवळा अशा पायऱ्यांनी उजळतात, आणि बरेचदा मधल्याच पायरीवर थांबतात. म्हणून ज्याला आपण पिवळं म्हणतो ते खूपदा नारिंगी निघतं. अशा केसांवर जांभळा टोनर वीस मिनिटं ठेवला तरी फरक पडत नाही. कधीकधी तर तांबूसपणा वाढलेलाच दिसतो.

याचं कारण रंगांच्या चक्रात आहे. जांभळ्याच्या समोर पिवळा बसतो आणि निळ्याच्या समोर नारिंगी. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. जांभळा हा निळा आणि लाल मिळून झालेला असतो. तो नारिंगी केसांवर लावला तर त्यातला निळा थोडंफार काम करतो, पण त्यातला लाल नारिंगीतल्या लालात मिसळून जातो. उलट, फिक्या पिवळ्या केसांवर निळा टोनर लावला तर निळा आणि पिवळा मिळून हिरवट शेवाळी झाक येते. दोन चुकांपैकी ही दुसरी जास्त त्रासाची, कारण हिरवट झाक लगेच डोळ्यांत भरते.

पिवळा की नारिंगी, ते कसं ठरवायचं

ओल्या केसांवर ठरवू नका. ओले केस एक पायरी गडद दिसतात. एक पातळ बट पूर्ण वाळवा, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. पार्लरमधल्या पिवळ्या बल्बखाली फिका पिवळासुद्धा नारिंगी वाटतो. आणि डोक्यावरची एकच बट पुरत नाही. मुळाजवळची, मधली आणि टोकाची अशा तीन वेगळ्या घ्या.

तुलनेला रोजच्या वस्तू चालतात. बट केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी फिकी असेल तर ती लेव्हल 10, म्हणजे केसांच्या उजळपणाच्या मापातली सगळ्यात फिकी पायरी; आकडा जितका लहान तितके केस गडद. पिकलेल्या केळ्याच्या बाहेरच्या सालीसारखी पिवळी असेल तर 9 च्या आसपास. मानकुराद आंब्याच्या रसासारखी, म्हणजे पिवळ्यात नारिंगी मिसळलेली, असेल तर 7. नारिंगी झेंडूसारखी असेल तर 6, आणि आबोलीच्या रंगाकडे झुकत असेल तर 5. केळ्याच्या दोन्ही बाजूंना जांभळा लागतो, झेंडूला निळा. आबोलीला दोन्हीही नाहीत, कारण तिथे लाल इतका असतो की हिरव्या बेसची, म्हणजे मूळ रंग हिरवा असलेल्या टोनरची, गरज पडते. टोनरवर पैसे घालण्याआधी पुन्हा उजळावं की गडद रंगावर समाधान मानावं, हा तिथला खरा प्रश्न असतो.

मानकुरादवाल्यांचं काय? तिथे दोन्ही रंग आहेत, म्हणून दोन्ही बेस मिसळावे लागतात: निळा जास्त, जांभळा थोडा. काही कंपन्या तयार निळा-जांभळा बेसही देतात.

ट्यूबवरचा आकडा वाचताना

आकड्यातला टिंबाआधीचा भाग लेव्हल सांगतो आणि नंतरचा भाग छटा. छटेचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून एका कंपनीचं गणित दुसरीला लावू नका. 'ॲश' हा शब्द तर फारच फसवा आहे. एखाद्या कंपनीत त्याचा बेस निळा असतो, दुसरीत हिरवट, तिसरीत जांभळट. ट्यूबमधलं क्रीम पिळून बघूनही काही कळत नाही, कारण ते बहुतेक पांढरट असतं आणि रंग डेव्हलपरमध्ये, म्हणजे सोबतच्या पेरॉक्साइडच्या द्रावात, मिसळल्यावर उमटतो. बेस कुठला ते कंपनीच्या शेड कार्डवर किंवा खोक्यावरच बघावं लागतं.

लेव्हल बेसइतकीच महत्त्वाची आहे. टोनर केस उजळत नाही, त्यांवर रंग चढवतो. लेव्हल 10 चा टोनर इतका पातळ असतो की 7 च्या नारिंगी केसांवर तो निळा असला तरी दिसत नाही. टोनरची लेव्हल केसांच्या लेव्हलइतकी किंवा एक पायरी गडद घ्यायची. म्हणजे निवड करण्याआधीच मनाची तयारी हवी: निळ्या टोनरने नारिंगी केस थंड तपकिरी किंवा गडद ब्लाँड होतात, पांढरट ब्लाँड कधीच होत नाहीत. पांढरट हवे असतील तर आधी केळ्याच्या आतल्या सालीपर्यंत पोहोचायला हवं. केस पुन्हा ब्लीच सोसतील एवढे धड नसतील तर निळा आणि तपकिरी हाच शहाणा निर्णय.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा खांद्यापर्यंतचे केस आहेत, मूळ लेव्हल 3. ब्लीच झालं. मुळापासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंत केस 9 ला पोहोचलेत, कारण डोक्याच्या उष्णतेने तिथे ब्लीच जोरात चढतं. मधला भाग आणि टोकं मात्र 7 वर अडकलीत आणि नारिंगीकडे झुकलीत, कारण तिथे जुना काळा डाय होता. फोंडा असो की म्हापसा, कुठल्याही सलूनमध्ये हे चित्र ओळखीचं आहे.

पहिला मोह असतो तो मुळांना 9 चा जांभळा आणि खाली 7 चा निळा लावायचा. छटा दोन्हीकडे बरोबर येते, पण मुळं उजळ आणि टोकं गडद राहतात. केस असे नैसर्गिकपणे कधीच नसतात, त्यामुळे उलटी पट्टी लगेच दिसते. दुसरा मोह सगळीकडे 7 चा निळा लावायचा. मुळांचा पिवळा मग शेवाळी होतो.

त्यापेक्षा इथे मुळंही मुद्दाम 7 वर उतरवायची, म्हणून दोन वाडग्यांत दोन मिश्रणं करा. पहिल्यात 7 चा निळा बेस 30 ग्रॅम, 7 चा जांभळा बेस 10 ग्रॅम आणि 10 व्हॉल्यूमचा, म्हणजे 3 टक्क्यांचा, डेव्हलपर 80 मिली. हे मध्यासाठी आणि टोकांसाठी. दुसऱ्यात 7 चा नॅचरल 15 ग्रॅम, 7 चा जांभळा 5 ग्रॅम आणि डेव्हलपर 40 मिली. हे मुळांसाठी. नॅचरल शेडमध्ये थोडा उबदार रंगही असतो. तो 9 चे पिवळे केस 7 वर आणताना हिरवटपणा अडवतो, आणि जांभळा उरलेला पिवळा मारतो. इथे एकास दोन असं प्रमाण धरलंय. तुमच्या कंपनीने एकास एक किंवा एकास दीड सांगितलं असेल तर तेच पाळा. 20 व्हॉल्यूम टाळा, कारण त्याने न रंगवलेली मुळं किंचित उजळून तिथे नवा तांबूसपणा निघू शकतो.

केस टॉवेलने नीट टिपून घ्या. पाणी गळत असेल तर टोनर पातळ होतो आणि एकसारखा बसत नाही. नारिंगी भागाला आधी लावा आणि दहा मिनिटं थांबा. मग मुळांना लावा. तिथून पुढे दर तीन ते पाच मिनिटांनी एक बट ओल्या टिश्यूने पुसून बघा. वर दिसणारा फेस गडद जांभळा झाला म्हणून घाबरू नका, आणि त्यावरून अंदाजही बांधू नका. खरा रंग पुसलेल्या बटीवरच दिसतो. साधारण वीस मिनिटांत काम होतं, पण शेवटचा शब्द खोक्यावरच्या वेळेचा. टोकं भुसभुशीत झालेली असतील तर ती रंग चटकन शोषतात, म्हणून त्यांना शेवटच्या पाच मिनिटांतच लावा.

हे सगळं डोकंभर करण्याआधी मानेजवळच्या एका बटीवर दोन्ही मिश्रणं करून बघा. आणि 48 तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला त्वचेची चाचणी घ्या. डेव्हलपरसोबत वापरायच्या टोनरमध्ये डायमधलेच ॲलर्जी करणारे घटक असू शकतात.

चुकलं तर

फिक्या टोकांवर जांभळी किंवा राखाडी झाक आली तर टोनर जास्त चढलाय. एक-दोन वेळा क्लॅरिफाइंग, म्हणजे केसांवरचे थर खरवडून काढणारा, शांपू केला की ती बरीच उतरते, त्यामुळे यात फार जीव घाबरा करायचं कारण नाही. हिरवट झाक मात्र शांपूने पुरती जात नाही. तिला लालाचा थोडा स्पर्श लागतो: त्याच लेव्हलच्या गुलाबी किंवा बेज छटेचा टोनर, तोही दोन-तीन मिनिटांत पुसून बघत. आणि टोनर लावून काहीच बदललं नसेल तर तोच पुन्हा लावू नका. एक तर बेस चुकलाय किंवा लेव्हल फार फिकी घेतलीये.

शांपूची निवडही त्याच हिशेबाने

केस धुताधुता उबदार रंग परत वर येतो. तेव्हा पिवळ्याला जांभळा शांपू आणि नारिंगीला निळा. आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं, बस्स. पण शांपू म्हणजे टोनर नव्हे. तो वरच्यावर रंग लावतो, 6 चा नारिंगी त्याने दबत नाही.

गोव्यात पाण्याकडेही बघावं लागतं. जांभ्या दगडाच्या जमिनीतल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर बादलीच्या कडेला आणि फरशीवर तांबूस थर धरतो. तसाच तो उजळलेल्या केसांवरही बसतो, आणि टोनर उतरला असं वाटतं. अशा घरात टोनर करण्याआधी एकदा चीलेटिंग, म्हणजे पाण्यातले धातू केसांवरून काढणाऱ्या, शांपूने केस धुवा आणि मगच पिवळा की नारिंगी ते तपासा, नाहीतर लोहाच्या तांबूस थरालाच केसांचा नारिंगी समजून निळा लावला जाईल. स्विमिंग पूलला जाणाऱ्यांच्या फिक्या केसांत पाण्यातल्या तांबे या धातूने हिरवट झाक येऊ शकते. तिलाही आधी चीलेटिंग शांपूच लावायचा, टोनर नंतर. समुद्रात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून घेतले तर खारं पाणी कमी शोषलं जातं. उन्हात टोपी घातली तर टोनर टिकतो. चार ते सहा आठवडे हा साधारण मुक्काम, रोज किनाऱ्यावर असणाऱ्यांचा त्याहून कमी.