विभागप्रमुखाला मोजायचं कशानं: परताव्याच्या टक्क्यानं की उरलेल्या रुपयांनी?

समजा, पंप बनवणाऱ्या एका विभागात १० कोटी रुपये गुंतलेले आहेत आणि वर्षाचा नफा अडीच कोटी आहे. गुंतवणुकीवरचा परतावा, म्हणजे आरओआय, झाला २५ टक्के. कंपनीला भांडवल पडतं १४ टक्क्यांनी. आता २ कोटींची एक मशीन घ्यायची आहे, घसारा वजा जाऊन ती वर्षाला ३६ लाख मिळवून देईल. परतावा १८ टक्के.

कंपनीच्या दृष्टीनं ही मशीन घ्यायलाच हवी, कारण १४ टक्क्यांचा पैसा १८ टक्के कमावतोय. पण ती घेतली की विभागाचा नफा २.८६ कोटी होतो, गुंतवणूक १२ कोटी, आणि आरओआय २५ वरून २३.८ वर येतो. बोनस आरओआयवर असेल तर विभागप्रमुख हा प्रस्ताव वर पाठवणारच नाही. त्यात त्याची लबाडी नाही. चूक मोजपट्टीची आहे.

आता रेसिड्युअल इन्कम, म्हणजे भांडवलाचा खर्च भागवून उरलेला नफा, काढून पाहा. आधी अडीच कोटींतून १० कोटींवरचे १.४० कोटी वजा केले, उरले १.१० कोटी. मशीन घेतल्यावर २.८६ मधून १.६८ गेले, उरले १.१८ कोटी. आकडा ८ लाखांनी वाढला, म्हणून तोच माणूस आता स्वतःहून फाइल पुढे सरकवेल.

उलट्या बाजूनंही आरओआय फसवतो. विभागात १ कोटीची एखादी मालमत्ता २० टक्के कमावत असेल, तर ती पुस्तकी किमतीला विकल्यावर आरओआय साडेपंचवीसवर जातो. कंपनीचे मात्र वर्षाला ६ लाख बुडतात. आरओआय वाढलेला दिसला की नफा वाढला की भाजक घटला, हे आधी बघावं.

तरी आरओआय टाकाऊ नाही. ड्युपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी त्याची फोड विक्रीवरचा नफा आणि भांडवलाची उलाढाल अशी केली होती. दुखणं नेमकं कुठं आहे हे शोधायला ती आजही उत्तम आहे. लहानमोठे विभाग शेजारी ठेवायलाही टक्का बरा, कारण रेसिड्युअल इन्कममध्ये मोठा विभाग निव्वळ आकारानं पुढे दिसतो. म्हणून तिथं विभागाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करावी.

बोनससाठी मी रेसिड्युअल इन्कमच निवडेन, पण एका अटीवर. समजा, दुसरी एक २ कोटींची मशीन ५ वर्षं दरवर्षी ६० लाख रोख देते. घसारा ४० लाख, म्हणजे नफा २० लाख. पहिल्या वर्षी भांडवलाचा खर्च २८ लाख, म्हणून हिशेब उणे ८ लाख. पाचव्या वर्षी पुस्तकी किंमत ४० लाखांवर आलेली असते, तेव्हा १४.४ लाख उरतात. पाचही वर्षं आजच्या किमतीत धरली तर मशीन सुमारे ६ लाख जास्तीचे देते. दोन वर्षांत बदलीवर जाणारा विभागप्रमुख हीसुद्धा नाकारेल, त्यामुळे बोनसचा काही भाग पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवावा लागतो.

तुमच्याकडे सध्या आरओआय असेल तर गेल्या काही वर्षांचे भांडवली प्रस्ताव काढा. वरच्या पंप विभागासारख्या ठिकाणी १४ ते २५ टक्क्यांच्या मधले प्रस्ताव जवळजवळ दिसतच नसतील, तर ते विभागप्रमुखाच्या टेबलावरच थांबत असण्याची दाट शक्यता आहे.