आठ महिने, दोन टॅबलेटचे डबे, तीन पावडरचे पुडे: जड पाण्यात डिशवॉशरला नेमकं काय लागतं

मशीन आलं तेव्हा टॅबलेटच्या डब्यावर ठळक लिहिलेलं होतं की यात मीठही आहे आणि भांडी डाग न पडता वाळवणारा रिन्स एडही आहे. मी ते खरं मानलं. मिठाची टाकी रिकामी ठेवली, पॅनेलवर लागणारा मिठाचा दिवा 'टॅबलेट' पर्याय निवडून बंद केला आणि निश्चिंत झाले. पहिले पंधरा-वीस दिवस भांडी लखलखीत निघाली. मग एका सकाळी सासूबाईंनी काचेचा ग्लास उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "अगं, हे काल धुतलंच नाही का मशीनने?" ग्लासवर दुधाळ पांढरी साय धरल्यासारखं दिसत होतं. ओल्या हाताने पुसलं तर जात होतं असं वाटायचं, वाळलं की परत तसंच.

माझा पहिला उपाय सगळ्यात चुकीचा होता. टॅबलेट चांगली नाही असं ठरवून मी साधी पावडर आणली. आठवडाभरात पांढरेपणा दुप्पट झाला आणि मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूलाही राखाडी थर दिसायला लागला. याचं कारण मला नंतर कळलं. पावडरमध्ये सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, भरपूर असतो. पाण्यातला कॅल्शियम या कार्बोनेटला भेटला की चुना तयार होतो आणि भांड्यावर बसतो. तो धरून ठेवणारे सायट्रेटसारखे घटक स्वस्त पावडरमध्ये कमी असतात, चांगल्या टॅबलेटमध्ये जास्त. म्हणजे जड पाण्यात नुसती पावडर टाकणं म्हणजे चुना तयार करायला स्वतःच मदत करणं.

इथे थांबून मी आधी पाणी मोजलं. सुरुवातीला घरात असलेला टीडीएस मीटर बुडवला. आकडा आला 710, पण या कामाला तो निरुपयोगी आहे. तो पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि सोडियम किती हे सांगत नाही. जडपणा म्हणजे फक्त पहिले दोन. त्यासाठी मत्स्यालयवाल्यांकडे मिळतं ते थेंबांचं किट आणलं. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकून हलवायचं. पाणी आधी लालसर होतं आणि एका थेंबाला एकदम हिरवं होतं. तोवर पडलेला प्रत्येक थेंब म्हणजे एक जर्मन डिग्री. आमचं बोअरचं पाणी चोविसाव्या थेंबाला हिरवं झालं. एका डिग्रीला लिटरमागे 17.8 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरलं तर लिटरला सुमारे 430 मिलिग्रॅम. मिठाचं काम आपणच करतो म्हणणाऱ्या टॅबलेटवर बारीक अक्षरात मर्यादाही दिलेली असते आणि माझ्या डब्यावर ती 21 डिग्री होती. म्हणजे डबा खोटं बोलत नव्हता, मी वाचलं नव्हतं.

पण 21 आणि 24 मधल्या तीन डिग्रींनी एवढी पांढरी साय येते का? हे मला पटेना. मग मशीन पाणी कसं वापरतं ते बघितलं आणि सगळी गोष्ट उलगडली. एका धुण्यात मशीन एकदाच पाणी घेत नाही, तीन-चार वेळा भरतं आणि उपसतं. आधी खरकटं काढायचं पाणी, मग साबणाचं मुख्य पाणी, मग खळबळण्याचं, आणि शेवटचं गरम पाणी. टॅबलेट उघडते ती दुसऱ्या पाण्यात. ते पाणी बाहेर फेकलं जातं तेव्हा टॅबलेटमधलं बहुतेक सगळं त्याच्याबरोबर जातं. शेवटचं पाणी पुन्हा नळातून ताजं येतं, तितकंच जड, आणि भांड्यावर वाळतं ते नेमकं हेच. टॅबलेटमधला रिन्स एड भांड्याला चिकटून थोडासा मागे राहतो, त्यावर शेवटची सगळी मदार असते.

हे समजल्यावर चारही वस्तूंची जागा कळली. पावडर किंवा टॅबलेट दुसऱ्या पाण्यात काम करते. बाटलीतला रिन्स एड मशीन शेवटच्या पाण्यात सोडतं. आणि मीठ? मीठ भांड्यापर्यंत पोहोचतच नाही. मशीनच्या तळाशी रेझिनच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो, तो आत येणाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. मणी भरले की मशीन मिठाच्या पाण्याने ते धुऊन पुन्हा तयार करतं. म्हणून मीठ हे पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या प्रत्येक पाण्याचं औषध आहे. बाकी कोणतीच वस्तू ते करत नाही.

मग टाकी भरली. पहिल्या वेळी टाकीत आधी पाणी ओतावं लागतं, मग जाडं डिशवॉशरचं मीठ. जेवणातलं मीठ घालू नका, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ मणी आणि नळ्या बुजवतात. भरताना थोडं सांडतंच आणि खारट पाणी स्टीलला खातं, म्हणून झाकण लावल्या-लावल्या मशीन चालू करायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जडपणाचं सेटिंग. माझ्या मशीनचं कारखान्यातून आलेलं सेटिंग आमच्या पाण्याला पुरत नव्हतं. नुसतं मीठ भरून हे सेटिंग तसंच ठेवलं तर मणी उशिरा धुतले जातात आणि मधल्या धुण्यांत जड पाणी सरळ आत येतं. मी ते 24 डिग्री बसेल अशा पायरीवर नेलं.

खरंच फरक पडतोय का, हे बघायची एक सोपी युक्ती आहे. मशीन रिकामं, साबण न घालता चालू केलं, तळाशी पाणी भरल्यावर थांबवलं आणि वाटीभर पाणी काढून किटने तपासलं. मीठ भरण्याआधी ते चोविसाव्या थेंबालाच हिरवं झालं होतं. मीठ भरून चार धुणी झाल्यावर चौथ्या थेंबाला. गंमत म्हणजे टीडीएस मीटर दोन्ही वेळा जवळजवळ तोच आकडा दाखवत होता, कारण कॅल्शियम गेलं पण त्याच्या जागी सोडियम आलं.

पुढचे दोन महिने मी एकसारखे सहा ग्लास वेगळे ठेवले आणि आठवडा-आठवडा बदलून बघितलं. मीठ आणि टॅबलेट. मीठ आणि पावडर. मीठ, पावडर आणि बाटलीतला रिन्स एड. पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या ग्लासांत मला फरक ओळखता आला नाही, उलट तिसऱ्यात भांडी जास्त कोरडी निघाली. नुसत्या मीठ-पावडरच्या आठवड्यात साय नव्हती, पण थेंबांचे गोल डाग होते. रिन्स एड पाण्याचा थेंब बनू देत नाही, पाणी पातळ पडद्यासारखं घरंगळून जातं, म्हणून डागही नाही आणि ओलही नाही. त्याचं सेटिंग मी सहापैकी तीनवर ठेवलं आहे. पाचवर ग्लासांवर निळसर फराटे आले होते. प्लास्टिकचे डबे मात्र कशानेही पूर्ण कोरडे होत नाहीत, ते उष्णता धरून ठेवत नाहीत. त्यासाठी रिन्स एडचा आकडा वाढवत बसू नका.

पावडरचा खरा फायदा मला मापात दिसला. पाणी मऊ झाल्यावर तीच पावडर कमी लागते. अर्धं मशीन भरलेलं असेल तर मी साधारण 15 ग्रॅम घालते, पूर्ण आणि तेलकट असेल तर 25. टॅबलेट तोडता येत नाही, अर्ध्या भांड्यांनाही तेवढीच जाते. मऊ पाण्यात गरजेपेक्षा जास्त साबण काचेला हळूहळू खातो, म्हणून इथे काटकसर आणि काचेची काळजी एकाच दिशेला जातात. पावडरची खोट एकच, ती दमट हवेत मरते. माझा दुसरा पुडा उघडा राहिला होता, महिन्याभरात कपांवरचे चहाचे डाग राहायला लागले. पावडरमधला डाग काढणारा ऑक्सिजनवाला घटक ओलाव्याने संपून जातो. आता ती घट्ट झाकणाच्या डब्यात असते आणि साबणाचा कप्पा पुसून कोरडा केल्याशिवाय मी भरत नाही.

टॅबलेट मी पूर्ण सोडलेली नाही. प्रत्येक वडी स्वतंत्र वेष्टनात असल्यामुळे ती महिनोन्महिने ताजी राहते, त्यामुळे पाहुणे येऊन मशीन ठासून भरलं, करपलेली भांडी आली, की लांबच्या गरम कार्यक्रमात तिचे पैसे वसूल होतात. तीस मिनिटांच्या झटपट कार्यक्रमात मात्र तिच्यावर खर्च करू नका. मला दोनदा कप्प्यात अर्धी न विरघळलेली वडी सापडली आहे. ज्यांचं पाणी 21 डिग्रीच्या बरंच खाली आहे आणि ज्यांना तीन वस्तू सांभाळायचा कंटाळा आहे, त्यांनी नुसती टॅबलेट घेतली तरी चालेल. आमच्यासारख्या पाण्याला पैशांचा क्रम मी असा लावेन: आधी मीठ, मग रिन्स एड, आणि त्यानंतर उरतील ते साबणावर. मिठाशिवाय महागडी टॅबलेट घेणं म्हणजे एका पाण्यासाठी पैसे देऊन बाकीची सोडून देणं.

तुमच्या ग्लासवर आत्ता पांढरं असेल तर काही विकत घेण्याआधी ते काय आहे ते बघा. साध्या पाण्याखाली चोळून कायमचं गेलं तर तो साबण किंवा मीठ आहे. मीठ असेल तर टाकीचं झाकण सैल बसलं असण्याची शक्यता मोठी. पाण्याने जात नाही पण व्हिनेगरचा थेंब ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांत तिथे काच स्वच्छ दिसते, तर तो चुना, म्हणजे मिठाचं सेटिंग किंवा रिकामी टाकी. व्हिनेगरनेही फरक पडला नाही आणि तिरप्या उजेडात इंद्रधनुषी छटा दिसते, तर काच खाल्ली गेली आहे, ती परत येत नाही. माझ्या सहापैकी पाच ग्लासांची साय व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर निघाली. सहावा ग्लास तसाच राहिला, तो आता हातानेच घासते.

मीठ किलोभर टाकलं की रोज एक धुणं धरून मला साधारण दीड महिना पुरतं. पावसाळ्यात बोअरचं पाणी पुन्हा तपासलं तेव्हा ते अठराव्या थेंबालाच हिरवं झालं, म्हणून सेटिंग एक पायरी खाली आणलं आहे. उन्हाळा लागला की किट परत काढणार.