पेशंटचा डाएट चार्ट: वजनकाट्याने मोजायचं की वाटीने?

डाएटिशियनचा आठवड्याचा चार्ट घरी आला की पहिला प्रश्न हाच येतो, काटा आणायचा की घरातल्या वाटी-चमच्यावर भागवायचं. आमच्याकडे आईचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं, त्यात डायबेटिस आधीपासूनचा, त्यामुळे प्रोटीन भरपूर हवं आणि भात-पोळी मोजूनमापून, असा चार्ट होता. आम्ही दोन्ही पद्धती वापरून बघितल्या.

काट्याच्या बाजूने आधी बोलतो. पनीर, शेंगदाणे, बदाम असल्या गोष्टींत अंदाज हमखास चुकतो आणि काटा चुकत नाही. ज्यांना किडनीचा त्रास आहे, प्रोटीन-पोटॅशियमवर बंधन आहे, त्यांच्यासाठी मी तरी काटाच घ्या म्हणेन.

पण रोजच्या स्वयंपाकात काट्याने आम्हाला एका गोष्टीने फार छळलं, ती म्हणजे कच्चं की शिजलेलं. चार्टमधे ‘तांदूळ ३० ग्रॅम’ असतं ते बहुतेक वेळा कच्च्याचं वजन असतं, आपल्याकडे धान्याचा आणि डाळीचा एक भाग ३० ग्रॅम कच्चा असाच धरतात, आणि तो तांदूळ शिजला की साधारण ८०-९० ग्रॅम भात होतो. आता घरात कुकर सगळ्यांचा एकच, कच्चं वेगळं मोजणार कोण? सकाळच्या मावशी शिजलेला भात ३० ग्रॅम मोजून वाढायच्या, म्हणजे हवा त्याच्या जेमतेम एक तृतीयांश, आणि संध्याकाळी बायको बरोबर मोजायची. चार्ट तोच, काटा तोच, आणि आईच्या दोन जेवणांत एवढा फरक. गोळी तीच आणि भात कमी, म्हणजे शुगर खाली जायची भीती. दुपारी घाम, थरथर, चिडचिड दिसली तर आधी शुगर बघा, कमी असेल तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेली साखर द्या आणि मग ताटात काय वाढलं होतं ते विचारा.

वाटीत ही भानगड नाही, कारण वाटी नेहमी शिजलेलंच मोजते. अट एकच, वाटी ठरलेली हवी. घरातल्या वाट्या १०० मिलीपासून २०० च्या पुढेपर्यंत काहीही असतात, चार्टमधली वाटी बऱ्याचदा १५० ची धरलेली असते, तरी आपल्या डाएटिशियनला एकदा विचारा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा, काठापर्यंत पाणी भरा, १५० ग्रॅम आलं की ती पेशंटची वाटी, तिला खूण करा. मग एकदाच ३० ग्रॅम तांदूळ वेगळा शिजवून बघा कुठपर्यंत येतो, आमच्या वाटीत पाऊण वाटीच्या आसपास आला. ३० ग्रॅम डाळ आपल्या नेहमीच्या घट्टपणाची केली की साधारण वाटीभर होते, पण वाढताना तळापासून ढवळूनच घ्या, वरचं पाणी वाढलं तर वाटी भरलेली दिसते आणि प्रोटीन पातेल्यातच राहतं.

अदलाबदलीतही मला वाटी-नगाचा हिशोब सोपा गेला. उदाहरण घ्या, रात्रीच्या जेवणात २ फुलके, १ वाटी डाळ, १ वाटी भाजी, १ वाटी दही असं आहे, आणि आईला हवी ज्वारीची भाकरी आणि बटाट्याची भाजी. फुलक्याला साधारण २५ ग्रॅम कणीक लागते, म्हणजे दोघांचे ५०. आमच्याकडची भाकरी ७० ग्रॅम पिठाची (पाच भाकऱ्यांचं पीठ एकदा मोजलं आणि पाचाने भागलं, बस), म्हणजे दोन फुलक्यांऐवजी पाऊण भाकरीला थोडी कमी, आख्खी नाही. त्यात बटाटा चार्टच्या दृष्टीने भाजी नाहीच, तो धान्याच्या बाजूला मोजायचा, मध्यम बटाटा म्हणजे साधारण एक फुलका. तर त्या रात्री भाकरी एका फुलक्याइतकी, म्हणजे अर्ध्याहून कमी, आणि शिवाय एखादी पालेभाजी किंवा दुधी. डाळ नको असेल तर एक अंडं चालतं, प्रोटीन जवळपास तेवढंच, ६-७ ग्रॅम, फक्त डाळीतलं पिष्ट अंड्यात नसतं, तेव्हा गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर विचारून करा. दह्याऐवजी ग्लासभर पातळ ताक मात्र बरोबरीचं नाही, त्यात दही असतं दोन-चार चमचे.

प्रत्येकाचं घर वेगळं, एकटा माणूस एकट्या पेशंटसाठी शिजवत असेल तर काटाही सुखाने जमेल. पण एकच कुकर आणि स्वयंपाकाला दोन-तीन हात असतील तर माझं मत वाटीला, काटा सुरुवातीला वाटी ठरवायला आणि पुढे पनीर-दाण्यांपुरता. आणि डाएटिशियनकडून निघण्याआधी चार्टच्या प्रत्येक ग्रॅमपुढे ‘कच्चं’ किंवा ‘शिजलेलं’ असं पेनाने लिहून घ्या, आम्ही तो कागद फ्रीजवर लावलाय आणि मावशी आता तोच बघून वाढतात.