परिसंवाद: आधी निवेदनं की थेट प्रश्न?

साठ मिनिटं, चार वक्ते आणि तुम्ही सूत्रसंचालक. प्रत्येकाला आधी सात मिनिटं बोलू द्यायचं आणि मग चर्चा घ्यायची, की पहिल्या मिनिटापासून प्रश्नच विचारायचे? मी दोन्ही करून पाहिलंय.

निवेदनांचा हिशेब कागदावर छान बसतो. ओळखीला ४ मिनिटं, निवेदनांना २८, उरलेली २८ चर्चेला. वक्तेही निर्धास्त असतात. पण मी सांभाळलेल्या एका सत्रात पहिले तिघं १०, ११ आणि १० मिनिटं बोलले. चौथ्या वक्त्या उभ्या राहिल्या तेव्हा पस्तीस मिनिटं संपली होती, आणि मी त्यांना हळूच विचारलं, "चार मिनिटांत आवरता येईल का?" त्यांनी हातातले निम्मे कागद बाजूला ठेवले. सर्वांत नेटकी तयारी त्यांचीच होती. हे मला आजही खुपतं: वेळ खाणारे वेगळे आणि भरपाई करणारा नेहमी शेवटचा.

घंटेने हे थांबत नाही. लिहून आणलेल्या भाषणाचा निष्कर्ष शेवटच्या पानावर असतो, त्यामुळे घंटा वाजली की माणूस थांबत नाही, वेगाने वाचू लागतो.

थेट प्रश्नांत मी ओळखीला ३ मिनिटं देतो, तीन प्रश्नांना प्रत्येकी १२, श्रोत्यांना १८ आणि समारोपाला ३. प्रत्येक प्रश्न एकाच वक्त्याला नाव घेऊन विचारायचा, उत्तराला दोन मिनिटं, मग ज्याचं मत वेगळं आहे त्याच्याकडे वळायचं. प्रत्येक प्रश्नावर चौघंही बोलू लागले की तिसऱ्यापासून पुनरुक्ती सुरू होते. इथेही लोक लांबतात, पण एका मिनिटाने, आणि ते मिनिट पुढच्या उत्तरात भरून निघतं. महत्त्वाचा प्रश्न दुसरा ठेवतो, म्हणजे वेळ कमी पडला तर तिसरा गाळता येतो.

मात्र प्रश्न नीट घडवावा लागतो. "यावर आपलं मत काय?" म्हटलं की भाषणच येतं. "हा निर्णय घेताना तुम्हाला काय सोडून द्यावं लागलं?" असं विचारलं तर समोरचा क्षणभर थांबतो आणि एक प्रसंग सांगतो. पहिले दोन प्रश्न तीन-चार दिवस आधी कळवतो, म्हणजे थोडं बिचकणारे वक्तेही सावरतात. कोणी लांबलंच तर त्याचा शेवटचा शब्द उचलून, "हाच मुद्दा तुमच्याकडे कसा दिसतो?" असं शेजारच्याला विचारतो. तोडल्यासारखं वाटत नाही.

विषय श्रोत्यांना अगदीच नवा असेल किंवा आकृत्या दाखवायच्या असतील, तर निवेदनं बरी पडतात, हे मान्य. अशा वेळी मी ती पाच मिनिटांची करतो आणि चर्चेतला पहिला प्रश्न शेवटच्या वक्त्याला विचारतो.