होम लोन वर्षभर वापरल्यावर: कर्ज चांगलं, पण त्याला चिकटवलेला विमा…

मुलुंड पूर्वेला रिसेलचा वन बीएचके घेतला, त्याला आता वर्ष होत आलंय. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं, दर तेव्हा साडेआठ टक्के. एका खासगी बँकेकडून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण ऑफिसातल्या तिघांनी वेगवेगळ्या बँकांचे असेच किस्से ऐकवले.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रं एका फेरीत झाली. टायटल तपासणाऱ्या वकिलाने सोसायटीचं जुनं शेअर सर्टिफिकेट नीट वाचून एक खरी चूक पकडली. दर रेपोशी, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी, जोडलेला आहे आणि 2025 च्या एप्रिल-जूनमध्ये रेपो उतरला तेव्हा माझा दरही आपोआप उतरला, अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या नाहीत. ॲपही ठीक आहे.

आमचं कर्ज बघणाऱ्या मॅडमबद्दलही पहिलं मत फार चांगलं होतं. मी त्यांना ओव्हरड्राफ्टवाल्या होम लोनबद्दल विचारलं होतं. म्हणजे खात्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, ते. त्यांनी उलट विचारलं, "सर, महिनाभर कायम पडून राहते अशी शिल्लक किती असते?" मी म्हटलं, ऐंशी हजार. त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. त्या कर्जाचा दर पाव टक्का जास्त, म्हणजे पन्नास लाखांवर वर्षाला साडेबारा हजार जादा. दीड लाखाच्या आसपास रक्कम कायम राहिली तर कुठे बरोबरी होते. "तुम्हाला साधंच बरं," म्हणाल्या. महागडी वस्तू समोर असताना 'घेऊ नका' म्हणणारा माणूस बँकेत भेटला, याचं मी घरी येऊन कौतुक केलं होतं.

मग फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला. ॲग्रीमेंट रजिस्टर झालेलं, आमच्या वाट्याची रक्कम विकणाऱ्या काकांना दिलेली, स्टॅम्प ड्युटी भरलेली. उरलेले पैसे द्यायची मुदत करारात लिहिलेली आणि तिला नऊ दिवस उरलेले. काकांनी चिपळूणला सामान हलवायला टेम्पोसुद्धा ठरवला होता. तेव्हा सँक्शन लेटर आलं ते 51,80,000 चं. वरचे एक लाख ऐंशी हजार कसले, तर कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता. मला काही झालं तर कर्ज विमा कंपनी फेडणार.

मी सांगितलं, माझा एक कोटीचा टर्म प्लॅन आहे, त्याची कॉपी फाइलमध्ये लावलीय. "तो चालत नाही सर. होम लोनला हे कंपल्सरी आहे, आरबीआयचं आहे."

असा नियम नाही. आरबीआयचा नाही आणि विमा नियामकाचाही नाही. पण हे मला नंतर कळलं. आणि तेव्हा कळलं असतं तरी नऊ दिवसांत दुसरी बँक कुठून आणणार होतो? मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे. जानेवारीत, मी तीन बँकांचे दर बघत फिरत होतो तेव्हा, या विम्याचं नावही कोणी काढलं नाही. निघून जायची वाट बंद झाल्यावर काढलं.

सह्यांच्या दिवशी टेबलावर गठ्ठा. प्रत्येक पानावर पेन्सिलीने फुली, मॅडमचं बोट फुलीवर, मी सही करतोय, बायको सही करतेय. चाळीसएक सह्या झाल्या असतील. मध्ये फोनवर ओटीपी आला. "सांगा ना सर." मी मोठ्याने वाचून दाखवला. तो विम्याच्या संमतीचा होता, 'मी स्वेच्छेने घेत आहे' या ओळीचा. नंतर तक्रार केली तेव्हा बँकेने पहिल्यांदा तोच पुढे केला.

सुटका झाली ती बायकोमुळे. दोनेक आठवड्यांनी तिने ईमेलमधून विम्याचं सर्टिफिकेट शोधून काढलं आणि शांतपणे वाचलं. कर्ज वीस वर्षांचं, विमा दहा वर्षांचा. कर्ज दोघांच्या पगारावर, विमा फक्त माझ्या नावावर. आणि विम्याची रक्कम दरवर्षी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे उतरत जाणार; मग दर वाढून प्रत्यक्ष कर्ज हळू फिटलं तरी तक्ता तोच.

मग पैशांचा हिशोब. ते एक लाख ऐंशी हजार खिशातून गेले नव्हते, कर्जातच घातले होते. त्यामुळे हप्ता 43,391 ऐवजी 44,953 झाला. महिन्याला 1,562 जास्त, 240 महिने. म्हणजे जवळजवळ पावणेचार लाख. दहा वर्षांच्या विम्याचे पैसे वीस वर्षं फेडायचे! सह्यांच्या गठ्ठ्यात की फॅक्ट स्टेटमेंट नावाचं पान असतं, ऑक्टोबर 2024 पासून बँकेला ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर, म्हणजे बाकीचे खर्च धरून कर्जाचा वर्षाला पडणारा खरा दर, लिहिलेला असतो आणि त्यात असा विमाही धरावा लागतो. आमच्या पानावर तो नऊच्या घरात होता. दर साडेआठ आणि एपीआर नऊ, हा अर्धा टक्का कुठून आला, एवढं एकच विचारलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही विचारा.

पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, 'आवडली नाही' एवढं कारणही चालतं. याला फ्री लुक म्हणतात. आम्ही थेट विमा कंपनीला ईमेल केला, बँकेला फक्त कॉपी ठेवली. दुसऱ्याच दिवशी शाखेतून फोन: "सर, कर्जाला प्रॉब्लेम येऊ शकतो." मी म्हटलं, हेच वाक्य ईमेलवर पाठवा. ते काही आलं नाही. स्टॅम्प ड्युटी आणि मधल्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीची रक्कम कर्जखात्यात जमा झाली. हप्ता तोच ठेवला, मुदत साधारण वीस महिन्यांनी कमी झाली. मधल्या काळाचं त्या रकमेवरचं व्याज मात्र गेलं ते गेलंच.

मॅडमवर माझा फारसा राग नाही. मार्च एंड तोंडावर होता, आणि विमा विकला की विमा कंपनीकडून बँकेला कमिशन मिळतं, शाखेला टार्गेट असतं. कर्जाला विम्याचं कवच असावं हेही खरंच आहे. 'टर्म प्लॅन नसेल तर हा बघा, असेल तर सोडून द्या' असं जानेवारीत सांगितलं असतं तर मी कदाचित बायकोच्या नावाने एखादा घेतलाही असता.

यात बँकेचं काय गेलं? माझंच गेलं बहुतेक. ऑक्टोबरमध्ये बँकेचा फोन आला, "सर, तुमच्या होम लोनवर एक ऑफर…" एवढं ऐकून मी कट केला. पुन्हा आला, नंबर ब्लॉक केला. डिसेंबरात दुसऱ्याच कामाला शाखेत गेलो तेव्हा कळलं की ती ऑफर खरी होती. जुन्या ग्राहकांना थोडी फी घेऊन दर पाव टक्क्याने कमी करून देत होते. पन्नास लाखांवर महिन्याला हजारभर रुपये व्याज. दोन महिने हुकले. तिथेच फॉर्म भरला, की फॅक्ट स्टेटमेंट मागून घेतलं आणि पंधरा मिनिटं बाकावर बसून ओळ न ओळ वाचलं. समोरचा नवा मुलगा बिचारा ताटकळत होता.

निघताना त्याने विचारलं, "सर, आईबाबांचं हेल्थ कव्हर आहे का?"

"आहे," म्हणालो. नाहीये खरं तर. घ्यायचंय, आणि लवकर घ्यायचंय. पण तिथून नाही.